चहाने पोट साफ होतं, की अंगातलं पाणी आटतं?

प्रश्न: डॉक्टर साहेब, आमची आई ५४ वर्षांची आहे, रोज वावरात जाते. सकाळी चहा घेतला की तिचं पोट साफ व्हायचं. मोबाइलवर कोणीतरी सांगितलं की चहातल्या कॅफिनने अंगातलं पाणी आटतं आणि मळ घट्ट होतो, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी तिने चहा सोडला. आता तीन-तीन दिवस संडास होत नाही, झाली तर शेळीच्या लेंड्यांसारखी. पहिले चार दिवस डोकंही फार दुखलं. चहा परत सुरू करायचा का? की कॉफी बरी? (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर:

उद्या सकाळपासून चहा सुरू करा. त्यांचा मळ चहाने कोरडा पडलेला नाही. मात्र नुसता कप परत हातात देऊन भागणार नाही. चहा किती वाजता घेतला आणि त्यानंतरचा अर्धा तास त्या कुठे होत्या, यावर जास्त अवलंबून आहे. आमच्या भागातल्या बाया नेमक्या इथेच चुकतात, आणि त्यात त्यांचा दोष फार थोडा असतो.

आधी चहा काय करतो ते बघू. रात्री आपलं मोठं आतडं जवळजवळ निपचित असतं. जाग आली की ते हलायला लागतं, आणि जठरात काही पडलं की त्याला आणखी एक धक्का मिळतो, म्हणजे वरून माल आला, खालची जागा रिकामी करा. हे दोन धक्के सकाळीच एकत्र येतात, म्हणून निसर्गाची वेळ सकाळची. चहा-कॉफी त्यावर तिसरा हात मारते. कॉफीचा हा गुण मोजून पाहिलेला आहे. १९९० साली इंग्लंडमध्ये ९९ निरोगी लोकांना विचारलं, तेव्हा २९ टक्के लोकांनी कॉफी प्यायली की जावंसं वाटतं असं सांगितलं, आणि त्यांत बायका जास्त होत्या. त्यांतल्या काहींच्या आतड्यात नळी घालून दाब मोजला. कॉफी प्यायल्यावर अवघ्या चार मिनिटांत शेवटच्या भागाची हालचाल वाढली आणि ती निदान अर्धा तास टिकली. गंमत अशी की कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीनेही तेच झालं, नुसत्या गरम पाण्याने मात्र झालं नाही. आणि ज्यांना कॉफीने काही वाटत नाही असं म्हणणं होतं, त्यांचं आतडं खरोखरच हललं नाही. पुढे १९९८ साली अमेरिकेत झालेल्या मोजणीत कॅफिनवाली कॉफी साध्या पाण्यापेक्षा ६० टक्के आणि बिनकॅफिनच्या कॉफीपेक्षा २३ टक्के जास्त जोर लावते असं दिसलं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. कॅफिन मदत करतं, पण सगळं काम त्याचं नाही. आणि हा परिणाम सगळ्यांवर होत नाही, म्हणून शेजारणीला फरक पडला नाही यावरून तुमच्या आईबद्दल काही ठरत नाही. चहावर इतके प्रयोग झालेले नाहीत. त्यात कॅफिन कॉफीपेक्षा कमी असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शनात १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० असे आकडे आहेत. आपल्या घरातला कप १५० मिलीचा नसतोच. रुग्णांना मी घरचा कप औषधाच्या मापाने मोजून बघायला सांगतो, तो बहुधा ८० ते १०० मिलीचा निघतो, आणि टपरीवरचा कट त्याहूनही लहान. तेव्हा आईच्या एका कपात पंधरा ते चाळीस मिलिग्रॅम कॅफिन असेल, बाकी गरम पाणी, थोडं दूध, साखर, आणि वर्षानुवर्षांची सवय. माझ्या मते यांतली सवय सगळ्यात जबर. चाळीस वर्षं रोज त्याच वेळी तोच घोट घशाखाली गेला की आतडं ती वेळ धरून बसतं.

चहासोबत खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्यांनी एक ओळखून असावं. निकोटिनही आतडं हलवतं. "मले तं चहानंच होते," असं सांगणाऱ्या कितीतरी बाप्यांच्या गालात तेव्हा खर्रा असतो, आणि ज्या आठवड्यात खर्रा सुटतो त्या आठवड्यात चहा चालू असूनही पोट रुसतं. त्यावर उपाय परत खर्रा सुरू करणं हा नव्हे, आठ-पंधरा दिवस धीर धरणं हा आहे.

आता पाणी आटण्याचं. कॅफिनने लघवी वाढते हे खरं आहे, पण किती आणि कोणाची हे कोणी सांगत नाही. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर साधारण ३०० मिलिग्रॅम कॅफिन एका दमात घेतल्यावर लघवी सरासरी शंभरेक मिली जास्त होते. म्हणजे एक कप. तेही सहसा रोज कॅफिन न घेणाऱ्यांना जास्त जाणवतं, रोज पिणाऱ्याचं मूत्रपिंड काही दिवसांत सरावतं. २०११ साली इंग्लंडमध्ये माणसांना दिवसात चार आणि सहा मोठे कप चहा दिला, दुसऱ्या वेळी तेवढंच उकळलेलं पाणी दिलं, आणि रक्त-लघवी तपासली. अंगातल्या पाण्यात फरक निघाला नाही. रोज कॉफी पिणाऱ्या पुरुषांवर २०१४ मध्ये असाच प्रयोग झाला, त्यातही फरक नव्हता. आई दिवसाकाठी तीन कप घेत असल्या तर त्यांच्या पोटात ४५ ते १२० मिलिग्रॅम कॅफिन जात होतं. एवढ्याने जाणारं जास्तीचं पाणी त्या तीन कपांतल्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी आहे. चहा पाण्याच्या हिशोबात जमेकडेच मोडतो.

मग मळ कोरडा का पडतो? लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण दीड लिटर पातळ द्रव उतरतो. मोठं आतडं त्यातलं बहुतेक पाणी शोषून रक्तात परत पाठवतं आणि शे-दोनशे मिली तेवढं मळात ठेवतं. मळ जितका जास्त वेळ तिथे पडून राहील तितकं शोषणं चालूच राहतं. एक दिवस थांबलेला मळ घट्ट होतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या लेंड्या होतात. अंगात पाणी कमी असेल तर शरीर आणखी चिकाटीने ओढून घेतं. म्हणजे मळ सुकतो तो मुख्यत: उशिराने. तुमच्या आईंचा चहा बंद झाला, सकाळचा धक्का गेला, मळ थांबला, आणि थांबला म्हणून सुकला. डोकेदुखी कॅफिन एकदम तुटल्याची. ती १२ ते २४ तासांत सुरू होते आणि दोन दिवसांपासून आठवडाभर टिकते. तुम्ही सांगता ते चार दिवस त्यात चपखल बसतात.

अशीच एक बाई माझ्याकडे मार्चअखेरीस आली होती. वय ४८, पऱ्हाटी उपटायला रोजाने जायची. तक्रार तीच, फक्त चहा तिने सोडला नव्हता. "डाक्टर, चहा तं घेतोच मी, तरी तीन दिस होत नाई," असं तिचं म्हणणं. मी तिला उठल्यापासूनचा क्रम विचारला. पाच वाजता उठायची. भाकरी थापायच्या, भाजी टाकायची, शिदोरी बांधायची, पोरांचं आवरायचं, आणि सगळ्यात शेवटी, पावणेसहाला, उभ्याउभ्या चहा बशीत ओतून प्यायचा आणि निघायचं. सहाच्या सुमारास नाल्याजवळ पोचलं की पोटात कळ यायची. सोबत आठ-दहा बाया, चार बाप्ये, आडोसा नाही. ती दाबून ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांत कळ निघून जायची ती संध्याकाळपर्यंत परत यायची नाही. चहाने आपलं काम रोज चोख केलं होतं. बाईला ते पदरात घ्यायला जागा नव्हती.

घरी संडास होता. त्यात पावसाळ्यापासून सरपण भरून ठेवलेलं होतं.

मग पाण्याचा हिशोब घातला. सहा ते अकरा असे पाच तास उन्हातलं अंगमेहनतीचं काम. अशा कामात घाम ताशी अर्धा ते एक लिटर सहज जातो. कमीत कमी धरला तरी अडीच लिटर. प्यायलेलं पाणी म्हणजे एक लिटरची बाटली, तीही नवऱ्यासोबत वाटून. पाणी कमी प्यायची कारण प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि परत तोच आडोशाचा प्रश्न. सकाळी निघण्याआधी एकदा गेली की थेट घरी आल्यावर, ती गडद पिवळी आणि जळजळणारी. दुपारपर्यंत दोन लिटरच्या आसपास तूट. या तुटीसमोर तिच्या चहाने वाढवलेली लघवी चमचाभरही भरत नाही.

औषध फारसं दिलं नाही, क्रम बदलला. उठल्याबरोबर दोन पेले पाणी, लगेच चहा, आणि चहासोबत आदल्या रात्रीची अर्धी शिळी भाकर. नुसत्या चहापेक्षा पोटात घासभर अन्न गेलं की जठराचा धक्का जोरात बसतो. स्वयंपाक त्यानंतर. म्हणजे कळ येते तेव्हा ती चुलीपाशी असेल, नाल्याजवळ नव्हे. सरपण संडासातून बाहेर काढलं, याला नवऱ्याशी एकदा बोलावं लागलं. कळ आली की तवा उतरवून जायचं, पोळपाट तसाच राहू द्यायचा. कळ नाही आली तरी चहानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी पाच ते दहा मिनिटं बसायचं, जोर न लावता, आणि झालं नाही तर उठून यायचं. कुंथत बसणाऱ्यांना मूळव्याध भेटते, आणि मग दुखतं म्हणून ते जायचं टाळतात. वावरात जाताना तिची स्वत:ची तीन लिटरची कॅन, ओल्या पोत्यात गुंडाळलेली, आणि दर अर्ध्या तासाला पेलाभर. पहिले चार-पाच दिवस विशेष काही झालं नाही. ती वैतागलीही. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड आणि मऊ व्हायला लागली, पुढे बहुतेक रोज. चहा तेवढाच होता, तिचे तीन कप.

तुमच्या आईंनाही हाच क्रम लावून पाहा. त्या पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत नीट जात होत्या, म्हणजे त्यांची वेळ बसलेली होती, ती परत बसायला तुलनेने कमी दिवस लागतील. फक्त एक तपासा. चहा सोडला त्याच सुमारास उन्हाळी भुईमुगाचं निंदण किंवा तेंदूपत्ता असं भल्या पहाटेचं काम सुरू झालं का? झालं असेल तर दोष अर्धा चहा सोडण्याचा आणि अर्धा घरून लवकर निघण्याचा आहे, आणि जायच्या वेळेआधी पाऊण तास उठण्याला पर्याय नाही. पाण्याबद्दलही एक भ्रम काढून टाका. तूट भरून निघेपर्यंत पाणी मळ मऊ करायला मदत करतं, त्यापुढे दोन-तीन तांबे जबरदस्तीने ढोसले तर ते लघवीवाटे जातं, मळात उतरत नाही. लघवी फिकट पिवळी आणि दर तीन-चार तासांनी होत असेल तर पाणी पुरेसं आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ आहे, म्हणून हेही सांगतो. सिकलसेलच्या रुग्णाचं मूत्रपिंड पाणी राखून ठेवू शकत नाही, चहा प्या अगर न प्या. त्याला पाण्याची तूट पडली तर नुसतं बद्धकोष्ठ होऊन थांबत नाही, हाडं ठणकण्याचा झटका येऊ शकतो. घरात कोणी असेल तर चहाचा कप पाण्याच्या हिशोबात धरू नका, पाणी वेगळं मोजा.

कॉफीचं विचारलंत. कॉफीचा जोर चहापेक्षा जास्त, हे वर आलंच. पण ५४ वर्षांच्या, कधी कॉफी न घेतलेल्या बाईला ती रिकाम्या पोटी सुरू करून देण्याचं मला कारण दिसत नाही. छातीत जळजळ, धडधड, रात्री झोप न लागणं हे सगळं आधी येईल. क्रम बदलूनही तीन आठवड्यांत जमलं नाही तर सकाळच्या चहाच्या जागी, चहावर आणखी म्हणून नव्हे, एक लहान कप कॉफी आठवडाभर देऊन पाहता येईल. किराणा दुकानातली छोटी पुडी आणाल तर तिच्यावर बारीक अक्षरांत चिकोरीचं प्रमाण वाचा. ते जितकं जास्त तितकं कॉफीचं प्रमाण कमी, आणि मग फरक का पडला नाही म्हणून कॉफीला नावं ठेवायला नको. राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला एकूण ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे, तुमच्या आई तिच्या आसपासही नाहीत. चहा खरंच सोडायचा असेल, समजा झोपेसाठी किंवा साखर कमी करायला, तर एकदम तोडू नका. तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, संध्याकाळचा आधी, सकाळचा शेवटी.

मधल्या काळात अडलंच तर इसबगोल चालेल. दोन चहाचे चमचे, भरलेल्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. अर्ध्या कपात कालवून खाल्लेलं इसबगोल आतड्यात फुगून अडकतं, एप्रिल-मे महिन्यात असे रुग्ण येतात. बसस्टँडवर मिळणाऱ्या चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. ती सहा ते बारा तासांनी काम करते, एखाद्या रात्री घेतली तर हरकत नाही. पण रोज घेतली आणि त्यावर पातळ झालं तर अंगातलं पाणी आणि क्षार जातात, म्हणजे चहाबद्दल जी भीती होती ती चूर्णाने खरी होते. जेवणात रोज एक पालेभाजी आणि वरण घट्ट असू द्या. दुपारी मठ्ठा किंवा ज्वारीची आंबील दिली तर पाणीही जातं आणि थोडं मीठही.

रक्ताच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहासोबत देऊ नका, चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, मध्ये निदान तासभर ठेवा. आणि लोहाच्या गोळीने स्वत:च मळ घट्ट आणि काळा होतो, हे लक्षात असू द्या. कॅल्शियम, ॲसिडिटीची काही औषधं, बीपीच्या काही गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, यांनीही पोट अडतं, आणि घरात कोणी ते चहाशी किंवा उन्हाशी जोडत बसतं.

संडासवाटे रक्त पडलं, वजन आपोआप उतरू लागलं, पोट फुगून उलट्या झाल्या आणि वायूही सरेनासा झाला, किंवा क्रम नीट लावूनही तीन आठवड्यांत फरक नसला, तर घरी थांबू नका. पोट फुगून उलट्या होत असतील तर त्याच दिवशी निघा. बाकी कारणांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना आईंच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. "पांढरी गोल गोळी" एवढ्यावरून कोणताही डॉक्टर काही ओळखू शकत नाही.